लेहमध्ये पाणी ८८ अंशांवर उकळतं!

८८! पाणी खळाखळा उकळतंय, झाकण थडथडतंय, वाफेनं चष्मा धुरकटलाय आणि थर्मामीटरचा पारा ८८ च्या वर सरकायला तयार नाही. बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला, तर बरोबर शून्य! म्हणजे थर्मामीटर ठणठणीत आहे. गॅस मोठा केला. पाणी आणखी उसळलं, भराभर आटू लागलं, पारा मात्र जागच्या जागी. जास्तीची सगळी उष्णता वाफ करण्यातच खर्ची पडत होती.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच. आणि सगळी गंमत त्या उंचीतच आहे! पाण्याचे रेणू सतत पृष्ठभाग सोडून निसटत असतात. त्यांची वाफ जो रेटा देते तो बाष्पदाब. पाणी तापेल तसा तो वाढतो, आणि केवढा वाढतो! २० अंशांना पाऱ्याचे जेमतेम १७-१८ मिलिमीटर, ८८ ला सुमारे ४८७ आणि १०० ला ७६०. हे ७६० म्हणजे समुद्रकाठच्या हवेचा दाब. लेहमध्ये डोक्यावरचा हवेचा थर कमी, म्हणून दाब उरतो साधारण ४९०. आकडे शेजारी शेजारी मांडले आणि मी अक्षरशः उडालोच. ४८७ आणि ४९०!

आता भांड्याच्या तळाकडे पाहा. तिथे वाफेचा बुडबुडा धरू पाहतो, पण वरच्या हवेचा भार पाण्यातून त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. आतल्या वाफेचा रेटा कमी पडला, की तो चिरडला जातो. उकळी फुटण्याआधी पाणी जे सूंऽऽ करतं ना, ते तळाशी धरलेले बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात पोचून मिटण्याचा आवाज! मुंबईत ८८ अंशांवर बुडबुड्याचा निभाव लागत नाही. लेहमध्ये लागतो, तो फुगत, डुलत वर येतो आणि फुटतो. हीच उकळी!

पण उकळी फुटली म्हणजे डाळ शिजली असं नाही. डाळीला तापमान लागतं, खळखळाट नव्हे. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आमा-ले डाळीसाठी थेट कुकरच काढतात. कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबावर साधारण एका वातावरणाएवढा दाब चढवते. मुंबईत त्यामुळे आतला दाब दुप्पट होतो आणि पाणी १२० च्या आसपास जातं. लेहमध्ये मुळातला दाबच सुमारे ०.६५ वातावरण, त्यात एकाची भर, म्हणजे १.६५, पाणी ११५ च्या जवळपास पोचतं. कुकरलासुद्धा उंची चुकत नाही! म्हणून तर आमा-ले शिट्ट्या जास्त घेतात.

आता कळसूबाई. १,६४६ मीटर. हिशेबानं ९४ ते ९५ अंश यायला हवेत. थर्मामीटर आणि स्टोव्ह दोन्ही सॅकमध्ये भरलेत!