बिनपगारी चालेल

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कंपनीच्या पत्त्यावर एक ईमेल आली. विषय होता उन्हाळी इंटर्नशिपची चौकशी. अशा ईमेल्स तुमच्यापैकी ज्यांचा छोटा व्यवसाय आहे त्यांनाही येत असतील. आमची ओहायोतली नऊ माणसांची कंपनी. गावोगावच्या पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या पंपांसाठी आम्ही कंट्रोल पॅनेल बनवतो. आमच्याकडे भरती बघणारा विभाग वगैरे काही नाही. आलेली ईमेल मीच उघडतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मीच बंद करतो.

ही मात्र बंद केली नाही. सुरुवात नेहमीचीच होती. मी अमुक विद्यापीठात एम.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे, मला शिकण्याची आवड आहे, तुमच्या नामवंत कंपनीत वगैरे. पण तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. तुमच्या वेबसाइटवरच्या पंपिंग स्टेशनच्या फोटोत पॅनेलचं दार उघडं आहे, त्यात लेव्हल ट्रान्समीटरची वायर वेगळ्या शील्डमधून नेलेली दिसते. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ती तशी नेली नव्हती, म्हणून माझं रीडिंग सतत हलत होतं, असं तिनं लिहिलं होतं. या मुलीनं आमचा फोटो बघितला होता, आणि स्वतःची चूक सांगितली होती. पन्नास कंपन्यांना एकच मजकूर पाठवणाऱ्याला असं वाक्य लिहिता येत नाही.

शेवटची ओळ होती, ‘पगार दिला नाहीत तरी चालेल.’ आणि खाली नाव. आडनाव अस्सल सांगलीकडचं.

आता कबूल करतो. ते आडनाव वाचून मी हळवा झालो. १९९६ साली मी याच देशात टाइप केलेली पत्रं पाकिटात घालून पाठवत होतो, आणि त्यातल्या बहुतेकांना उत्तर आलं नव्हतं. वाटलं, ही स्वतःच फुकट काम करते म्हणतेय, आपला काही खर्च नाही, येऊ दे बिचारीला. तसं उत्तर मी अर्धं लिहिलंही होतं. ते पाठवलं असतं तर त्या मुलीचं मोठं नुकसान झालं असतं. हा लेख त्यासाठीच लिहितोय, कारण आपल्या लोकांत हा गैरसमज फार आहे.

समजूत अशी असते की पगार घेतला नाही म्हणजे ती नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे व्हिसाचा प्रश्न नाही. दोन्ही चूक. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत जे काम एरवी पगारी माणूस करतो, ते कुणी फुकट केलं म्हणून ती समाजसेवा होत नाही. बिनपगारी इंटर्न ठेवायचा तर कामगार खात्याची २०१८ पासूनची सात मुद्द्यांची कसोटी आहे, आणि तिचा गाभा एकच: या व्यवस्थेतून मुख्य फायदा कुणाचा होतो, विद्यार्थ्याचा की कंपनीचा? माझ्याकडे येऊन ती वायरिंग तपासणार, आणि ते पॅनेल मी विकणार. उत्तर उघड आहे. शिवाय एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यानं परवानगीशिवाय असं काम केलं, तर हातात एक डॉलरही न पडता त्याचा दर्जा धोक्यात येऊ शकतो. मला फार तर दंड झाला असता. तिचं शिक्षणच पणाला लागलं असतं.

म्हणून मी तिला फोन केला. ‘सर’ म्हणत ती इंग्रजीत बोलत होती. मी मराठीत विचारलं, ‘सांगलीची का गं?’ पलीकडे दोन क्षण शांतता, मग, ‘अय्या, हो! मिरजेची.’ त्यानंतर मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, फुकट काम आम्ही घेत नाही; जमलं तर पगारी, नाहीतर नाही. दुसरी, शिक्षण संपल्यावर आम्ही नोकरी देऊ शकू असं धरून चालू नकोस. छोट्या कंपनीनं हे दुसरं वाक्य पहिल्याच दिवशी बोलावं. नाहीतर मूल पुढची दोन वर्षं मनात आशा धरून बसतं.

मग तिला वाट सांगितली, म्हणजे आधी मी ती समजून घेतली. शिक्षण चालू असताना विद्यापीठाबाहेर अभ्यासाशी निगडित काम करण्याच्या परवानगीला सीपीटी म्हणतात. ती विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी देतो, इमिग्रेशन खात्याकडे वेगळा अर्ज लागत नाही. साधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. ही ऑगस्टमध्ये आलेली, मे महिन्यात दोन सत्रं पूर्ण होणार, म्हणजे जून जमत होता. काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, म्हणून तिनं एका क्रेडिटचा इंटर्नशिपचा कोर्स घेतला. माझ्याकडून हवं होतं फक्त एक पत्र: कंपनीचा पत्ता, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. त्यावरून नवीन आय-२० मिळतो, त्यात कंपनीचं नाव आणि तारखा छापलेल्या असतात. त्या तारखेच्या एक दिवस आधीही काम करायचं नाही, ‘नुसतं बघायला येते’ म्हणूनही नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर नंतरची ओपीटी हातची जाते. आमची तीनच महिन्यांची होती.

हे सगळं माझ्या बाजूनं एका संध्याकाळचं काम निघालं. खरी अडचण दुसरीच होती.

आमच्या शॉपमधला मुख्य तंत्रज्ञ माझ्याआधीपासून या धंद्यात आहे. त्याला मी हिशेब दाखवला: तासाला २२ डॉलर, आठवड्याला ४० तास, १२ आठवडे, म्हणजे १०,५६० डॉलर. तो म्हणाला, पैशाचं जाऊ दे, तिला शिकवणार कोण? त्याचं बरोबर होतं. छोट्या कंपनीत इंटर्नची खरी किंमत पगारात नसते, शिकवणाऱ्याच्या तासांत असते. पहिले तीन आठवडे त्याचा रोजचा तासभर जाणार होता, आणि तो तास दुसऱ्या कुणाकडे नव्हता. शेवटी आम्ही तिच्यासाठी एकच काम ठरवलं. पॅनेल तयार झालं की वीज जोडण्याआधी ड्रॉइंग समोर ठेवून एकेक वायर मल्टिमीटरनं तपासायची आणि बरोबर असेल ती ड्रॉइंगवर पिवळ्या पेननं रंगवायची. पॅनेलमध्ये ४८० व्होल्ट चालू असताना दाराला हात लावायचा नाही. ज्या कंपनीला इंटर्नचं असं एक वाक्यात मावणारं काम सांगता येत नाही, तिनं सरळ नाही म्हणावं.

पण तंत्रज्ञानं जाता जाता आणखी एक विचारलं. ‘जानेवारीत दोन ईमेल्स आल्या होत्या. त्या मुलांना फोन केलास?’ नव्हता केला. उघडून पाहिल्या. एक नेहमीची होती. दुसरी इथल्याच कम्युनिटी कॉलेजातल्या मुलाची, चार ओळींची, स्पेलिंगच्या चुका असलेली. पण तो वडिलांबरोबर शेतातल्या पंपांची वायरिंग करत होता. मिरजेच्या आडनावाला मी फोन केला, आणि याला साधं उत्तरही नाही. तुम्ही म्हणाल, आपल्या माणसाला हात दिला तर बिघडलं काय? हात द्यायला हरकत नाही. पण दार एकालाच उघडायचं आणि दुसऱ्यानं वाजवलेलं ऐकूच यायचं नाही, हे बरोबर नाही, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. मी त्याला त्याच दिवशी फोन केला, उशिराबद्दल माफी मागितली. दोघांनाही तोच कागद पाठवला: एक छोटं ड्रॉइंग, त्यात मुद्दाम केलेल्या तीन चुका. तिनं तीनही शोधल्या, त्यानं दोन. उन्हाळा तिला मिळाला. त्याला शरद सत्रात आठवड्यातले दोन दिवस.

पहिल्या पगाराला ती पावती घेऊन केबिनच्या दारात उभी राहिली. ‘सर, हे १३४ डॉलर ६४ सेंट सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे कापलेत. मला लागू नाहीत असं वाचलंय.’ ८० तासांचे १,७६० डॉलर, त्यावर ७.६५ टक्के. तिचं खरं होतं. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं, करासाठी तो अनिवासी असेपर्यंत, परवानगीच्या कामावर हे दोन कर लागत नाहीत, आणि कंपनीचा तितकाच वाटाही लागत नाही. आयकर लागतो. पगाराचं काम बघणाऱ्यांना मीच सांगायला विसरलो होतो. पुढच्या पगारात पैसे परत दिले. तुमच्या ओळखीत कुणी विद्यार्थी असेल, तर त्याला पहिली पावती नीट वाचायला सांगा.

जुलैत एका सांडपाण्याच्या पॅनेलची बाकावर चाचणी चालू होती. तोवर तिला कमी व्होल्टेजच्या सिग्नलची चाचणी करायची परवानगी मिळाली होती. ट्रान्समीटर ० ते २० फुटांचा. खोली करंटच्या भाषेत येते: ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे वीस फूट. तिनं १२ चा सिग्नल दिला, म्हणजे बरोब्बर मध्य, पडद्यावर १० फूट दिसायला हवेत. दिसले ७.५. वायरिंग तर सगळं पिवळं झालेलं. तिनं पुन्हा मोजलं, मग म्हणाली, ‘हे पंधराचं निम्मं आहे.’ प्रोग्रॅममध्ये कुणीतरी जुन्या कामातली ० ते १५ ची रेंज तशीच ठेवली होती. त्या कुणीतरीचं नाव सांगायला हरकत नाही, मीच तो. पॅनेल तसंच गेलं असतं तर विहिरीत दहा फूट पाणी असताना पडद्यावर साडेसात दिसलं असतं, पंप उशिरा सुरू झाला असता, आणि एखाद्या पावसाळी रात्री घाण पाणी रस्त्यावर आलं असतं.

ऑगस्टमध्ये आय-२० वरची तारीख संपली त्या दिवशी ती पावणेपाचला मल्टिमीटर जागेवर ठेवून आली. ‘निघते, काका,’ म्हणाली. बारा आठवड्यांत पहिल्यांदाच सर नव्हतं.

आता आमच्याकडे आलेल्या प्रत्येक ईमेलला शुक्रवारपर्यंत उत्तर जातं. बहुतेक वेळा ते नाहीच असतं, दोन ओळींचं. आणि ज्यात ‘बिनपगारी चालेल’ असं असतं, त्याला एक तिसरी ओळ जोडतो: हे वाक्य पुढच्या पत्रातून काढून टाक.