दीड इंच माया

आषाढात बेंगळुरूमध्ये लग्नं नसतात, म्हणून दुकानोदुकानी सवलतीच्या पाट्या लागतात. नेमक्या त्याच महिन्यात यशवंतपुरातल्या आमच्या शिंपीमास्तरांनी शिलाई वाढवायचं ठरवलं आणि मला म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिता ना? मग चार ओळी लिहून द्या."

मास्तर भावसार आहेत. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड. दुकानात पांडुरंगाची तसबीर आणि तिच्याखाली ओव्हरलॉकचं मशीन. मी मोठ्या हौसेनं लिहिलं : 'वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने…' त्यांनी कागद परत केला. "महागाई कोण? तिला कुणी पाहिलंय? कारागिराला वाढवून द्यायचेत, तसंच लिहा."

मग त्यांनी कापडावरच्या खडूनं टेबलावर हिशेब मांडला. शर्टाची शिलाई 400. त्यातले 160 कारागिराचे, 25 काजं-बटणं करणाऱ्याचे, 40 बकरम, दोरा आणि बटणांचे. उरलेल्या 175मध्ये भाडं, वीज आणि स्वतः मास्तरांचं माप घेणं, कापणं. आता शिलाई 440. वाढलेल्या चाळिसातले 20 कारागिराला, 5 काजांना, 7 सामानाला. दुकानाच्या पदरात 8. कारागिराला वीस का, तर जवळच पीण्या आहे. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात महिन्याचा पगार असतो, पीएफ असतो. इथं नगावर पैसे मिळतात आणि आषाढात नगच कमी. गेल्या वर्षी एक चांगला हात तिकडे गेला, तो परतला नाही.

"न सांगताही वाढवता येते," मास्तर म्हणाले, आणि मला त्यांच्या धंद्यातली चोरवाट कळली. शर्टाला इंचाला बारा टाके घालायचे ते आठ घालायचे. मशीन भराभर पळतं, दिवसाला जास्त नग निघतात, आणि गिऱ्हाईक काही टाके मोजत बसत नाही. कॉलरला हलकं चिकटवायचं बकरम लावायचं. दुकानातून नेताना कॉलर कडक दिसते, पण चार धुण्यांत त्यावर फोड येतात, पापडासारखे. तोवर शर्टाचे पैसे चुकते झालेले असतात. दर तोच राहतो, फक्त शर्ट उतरतो. मी घरी येऊन माझे शर्ट तपासले, हे कबूल करतो. एका तयार शर्टाच्या कॉलरवर तीन फोड होते.

सूचनेतला खरा पेच तारखेचा होता. आजपासून वाढ म्हटली, तर कापड घेऊन दारात आलेला माणूस दुखावतो. महिनाभर आधी सांगितलं, तर सगळे कपाटातली कापडं काढून जुन्या दरात टाकून जातात आणि दोन कारागिरांवर चार जणांचं काम पडतं. म्हणून ठरलं ते असं : पंधरा दिवसांची मुदत, नवा दर श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून, ज्याची पावती आधी फाटली त्याला जुना दर, मात्र कपडे नंबराप्रमाणे मिळतील, घाई केली म्हणून आधी नाहीत. उसवणं, ढिलं करणं, उंची कमी करणं यांचे पैसे तेच. का, असं मी विचारलं. "ते जुन्या माणसांचं काम. नवा माणूस पहिल्यांदा शिवायलाच येतो."

कन्नड मजकूर मास्तरांच्या लेकीनं लिहिला. मी ऐकून लिहायला गेलो तर फजिती झाली. शिवणकामाला कन्नडमध्ये होलिगे म्हणतात आणि पुरणपोळीला होळिगे. माझ्या कागदावर चक्क पुरणपोळीचे दर वाढले होते. 'दर' मात्र दोन्ही भाषांत दरच, तिथं मी चुकलो नाही.

शेवटी आभार. मी 'आपल्या अमूल्य विश्वासाबद्दल' असं लिहिलं होतं, मास्तरांनी ते खोडलं आणि सांगितलं, "मागच्या दोन वर्षांत दर तोच होता, तुम्ही येत राहिलात, म्हणून चाललं." तसंच लिहिलं. खाली सही, आणि 'हिशेब हवा असेल तर विचारा'.

कागद आरशाशेजारी चिकटवला, माप देताना नजर जाईल असा. दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं वाचलं. हिशेब विचारला नाही. पिशवीतून राखाडी पॅन्ट काढून टेबलावर ठेवली.

"कमरेत होत नाही हो आता. माया आहे का?"

मास्तरांनी पॅन्ट उलटी केली आणि मागची शिवण अंगठ्यानं दाबून पाहिली.

"दीड इंच ठेवलीय. शनिवारी न्या."