मेघद्वार

शिकागोहून भाच्याने एका शिल्पाचा फोटो धाडला. नगरच्या आमच्या घरात आई म्हणाली, "हे तर उपडे घातलेले घंगाळ!" मुलांना घेवड्याचा दाणा दिसला, तिकडचे लोकही त्याला तेच म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या, २००६ साली पुऱ्या झालेल्या या शिल्पाचे नाव मात्र 'क्लाउड गेट', म्हणजे मेघद्वार.

स्टेनलेस पोलादाचे १६८ पत्रे जोडून सांधे असे घासले आहेत की कोठे कड सापडत नाही. त्यामुळे नजर पोलादावर ठरतच नाही, सरकत प्रतिबिंबातल्या ढगांत जाते. हेच काळ्या दगडात असते तर आपण नुसते वजन पाहिले असते. ताईने ढगही पाहिले नाहीत. पोलादात मुंगीएवढा उमटलेला, फोटो घेणारा आपला मुलगा तिने शोधला आणि बराच वेळ तेथेच बोट ठेवले.

मी पाहत होतो खालची बारा फुटांची पोकळी. दिल्ली दरवाज्याखालून जाण्याची सवय असलेल्याला तीत वेसच दिसणार! फोटोत ती नुसती सावली वाटते. प्रत्यक्षात तिचे छत नाभीसारखे आत ओढलेले आहे. खाली उभे राहणाऱ्याला तेथे आपलीच अनेक वेडीवाकडी रूपे दिसतात. तो फोटो भाच्याकडून मागवला आहे.