पाटावरची दोन मिनिटं

अडीच वर्षांच्या पोराला 'टाइम-आउट' म्हणून पाटावर बसवायचं, हे मला निर्दयपणाचं वाटायचं. बायको बसवायची आणि मी मिनिटभरात त्याला उचलून घ्यायचो. घरातला प्रेमळ माणूस मी, असा माझा समज होता.

एका संध्याकाळी बायको कामावर होती. त्याने वरणभाताची वाटी फेकली. "नको रे राजा," म्हणत मी उचलून दिली. त्याने परत फेकली. चार वेळा हाच खेळ झाला, त्यात दोनदा मला हसूही आलं. पाचव्यांदा वाटी चष्म्यावर बसली आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही, आधी नुसता बघत राहिला. त्या नजरेत प्रश्न होता आणि तो रास्त होता: चार वेळा चालत होतं, मग आता काय झालं? नियम त्याने मोडलाच नव्हता, कारण नियम असा काही नव्हताच. माझी सहनशक्ती संपली, एवढंच. बायको निदान पहिल्याच वेळी थांबवायची. मी लाड करत करत मारण्यापर्यंत गेलो होतो आणि वर तिला कठोर म्हणत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मीही तिच्यासारखंच करू लागलो. फेकलं की एकदा ताकीद, पुन्हा फेकलं की ती वस्तू उचलून ठेवायची. त्याने कुणाला मारलं तर मात्र ताकीद नाही, लगेच पाट. वर्षाला एक मिनिट या हिशेबाने दोन मिनिटं. तो उठला की न बोलता परत बसवायचं. हे न बोलणं मला सगळ्यात जड गेलं. मी तिथे उभा राहून प्रवचन द्यायचो, म्हणजे त्याला हवं ते लक्ष मीच पुरवत होतो. वेळ संपली की जवळ घ्यायचं आणि सांडलेली शितं दोघांनी मिळून वेचायची.

पहिल्या आठवड्यात त्याचं मारणं उलट वाढलं. पूर्वी रडलं की बाबा उचलायचा, आता उचलत नाही, म्हणून तो आणखी जोर लावून बघत होता. मी तेव्हा एकदा जरी ढिला पडलो असतो, तर 'जास्त रडलं की जमतं' एवढंच तो शिकला असता.

एक चूक तरीही केलीच. "नाही" म्हणाला म्हणूनही मी त्याला पाटावर बसवलं. या वयात "नाही" म्हणणं हा काही गुन्हा नाही. आता "शर्ट घालायचा का?" असं विचारतच नाही. "लाल की निळा?" विचारतो. कधी कधी त्यालाही "नाही" येतं. मग मीच निळा चढवतो.

त्याचं मारणं कमी झालंय, थांबलेलं नाही. आणि त्या धपाट्याचं मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.