एक पायरी खाली उतरताना

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलणे अडखळू लागले. बुद्धी मात्र पूर्वीइतकीच स्वच्छ राहिली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो, त्या काळात व्यायामात खंड पडू देऊ नका. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचा व्यवस्थापक होतो. निगडीहून तळवडेमार्गे चाकण गाठायला वाहतुकीत सव्वा तास सहज जाई. ग्राहकाच्या लाइनवर आमचा एखादा भाग नाकारला गेला की रात्री दहालाही निघून तिथे माल निवडायला उभे राहावे लागे. संध्याकाळच्या व्यायामाला मी आठवड्यातून एकदा घरी असलो तरी पुष्कळ होते.

म्हणून मी खालच्या पदाची नोकरी शोधू लागलो. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते आणि आमच्या कारखान्यात रात्रीचा फोन न येणारी जागा रिकामी नव्हती. मला वाटले होते की जास्त अनुभवाचा माणूस कमी पगारात मिळतो म्हटल्यावर कोणीही आनंदाने घेईल. तसे होत नाही, हे मला तीन मुलाखतींनंतर उमगले.

पहिल्या मुलाखतीला जाताना मी अर्जात माझे पद मुद्दाम खाली आणून ‘वरिष्ठ अभियंता’ असे लिहिले. समोरच्या अधिकाऱ्याने शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्या. त्यांवर ‘व्यवस्थापक’ असे छापलेले होते. पद वाढवून सांगणारे त्याने पुष्कळ पाहिले असतील, पण कमी करून सांगणारा काहीतरी लपवत असणार, असेच त्याला वाटले. मुलाखत तिथेच संपली, आणि दोष माझा होता.

दुसऱ्या ठिकाणी मी सगळे खरे सांगितले, पण फारच सांगितले. झटका कसा आला, रुग्णालयातील रात्री, आईची ओढाताण, असे अर्धा तास चालले. त्या बाई सहृदय होत्या, त्यांनी पाणीही मागवले. मात्र त्यांच्या कानावर पडले ते एवढेच की हा माणूस वारंवार रजा मागणार. त्यांचा निरोप पुन्हा आला नाही.

मग मी शांतपणे विचार केला. पायरी उतरणाऱ्या माणसाकडे पाहताना समोरच्याच्या मनात तीन शंका असतात. हा आधीच्या ठिकाणी नापास झाला आहे का? चांगली संधी मिळताच सोडून जाईल का? आणि आपल्याहून लहान वरिष्ठाचे ऐकेल का? आजारपणाची हकीकत यांपैकी एकाही शंकेचे उत्तर देत नाही. कारण एका वाक्यात सांगावे आणि उरलेला वेळ या तीन शंकांसाठी ठेवावा, असे मी ठरवले.

तिसरी मुलाखत भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत होती. काम आवक मालाची तपासणी आणि गेजच्या कॅलिब्रेशनचे, वेळ सकाळी साडेआठ ते पाच. ग्राहकाकडे धावण्याचा प्रश्नच नाही. पहिलाच प्रश्न आला, “व्यवस्थापक असताना ही जागा का?” मी म्हणालो, “वडिलांना अर्धांगवायू झाला आहे. संध्याकाळी सहापर्यंत मला घरी असायला हवे, आणि या कामात ते शक्य आहे. दिवसा त्यांच्याजवळ आई, पत्नी आणि मदतनीस असतात, त्यासाठी मला रजा लागणार नाही.” नापास झाल्याच्या शंकेला उत्तर म्हणून मी सध्याच्या वरिष्ठांचा दूरध्वनी क्रमांक दिला. त्यांना आधीच कल्पना दिलेली होती.

दुसरी शंका पगाराची. हातात येणारे 96,000 रुपये 71,000 वर येणार होते. “पंचवीस हजारांची तूट किती दिवस सोसाल?” असे त्यांनी विचारले. मी खिशातला कागद काढला. मी घरी नसल्यामुळे संध्याकाळी चार ते दहा दुसरा मदतनीस ठेवावा लागे, त्याचे महिना 16,000. चाकणच्या येण्याजाण्याचा जादा खर्च 4,000. हे दोन्ही वाचल्यावर खरी तूट 5,000 ची होती. “ही तूट आम्ही घरात बसून मोजली आहे,” एवढेच मी म्हणालो. माझ्या मते नोकरी मिळाली ती त्या कागदामुळे. मी टिकेन, असे वचन देण्यापेक्षा टिकणे कसे परवडते, हे दाखवणे त्यांना पटले.

तिसरी शंका त्यांनी सरळ बोलून दाखवली. “तुमचे वरिष्ठ तुमच्याहून आठ वर्षांनी लहान आहेत.” मी सांगितले की मतभेद झाला तर अहवालात माझे मत एकदा लिहीन, आणि निर्णय त्यांचा मानून काम करीन. आजवर मीही हाताखालच्या माणसांकडून हेच अपेक्षिले होते.

पगारात घासाघीस मी केली नाही. पण एक गोष्ट लेखी मागितली, ती म्हणजे कंपनीच्या समूह आरोग्यविम्यात आईवडिलांचा पहिल्या दिवसापासून समावेश. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. जुन्या कंपनीचे विमाछत्र साधारणपणे सेवेच्या शेवटच्या दिवशी संपते, आणि अनेक कंपन्या आईवडिलांना विम्यात घेतच नाहीत. वैयक्तिक विमा नव्याने घेतला तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. नव्या ठिकाणी आईवडिलांची सोय नसेल, तर समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाता येते का, हे राजीनाम्यापूर्वीच विचारावे. तसे झाल्यास आधी घालवलेला प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. नोकरी सुटल्यावर विचारायला गेल्यास उशीर झालेला असतो.

एवढे झाल्यावरही खरी अवघड मुलाखत घरी होती. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यातून टूलरूममधून निवृत्त झालेले. पद म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको. नेमणूकपत्रावरचे पद त्यांनी दोनदा वाचले आणि अडखळत विचारले, “माझ्या... मुळे?”

“नाही अण्णा, मलाच चाकणचा कंटाळा आला होता,” असे मी म्हणालो. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. दोन दिवस व्यायामाला हात लावू दिला नाही. तेव्हा कळले की पहिल्या मुलाखतीत अर्जात केलेली चूक मी घरात पुन्हा केली होती. तिसऱ्या दिवशी मी तोच कागद त्यांच्यापुढे धरला. “हो, तुमच्यासाठीच,” मी म्हणालो, “आणि किंमत इतकी आहे.”

त्यांनी डाव्या हाताचे बोट एकेका आकड्यावर ठेवत तो वाचला. 5,000 वर बोट थांबले. “पेन्शन,” ते म्हणाले, आणि दोन बोटे वर केली. त्यांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातले दोन हजार. नको म्हणायला माझे तोंड उघडले होते. आईने मानेने खुणावले. मी कागदावर 5,000 च्या खाली 2,000 लिहून वजाबाकी केली. अण्णांनी ती तपासली आणि उजवा हात व्यायामासाठी पुढे करायला आईला खूण केली.