आईच्या गोळ्यांचा डबा

आमच्या घरी रक्तदाबाला कोणी रक्तदाब म्हणत नाही, बी.पी. म्हणतात. ‘आईला बी.पी. आहे’ एवढे सांगितले की शेजारीपाजारी समजून जातात. कोणी जास्त विचारत नाही, आणि आम्हीही कधी खोलात शिरलो नव्हतो. खोलात शिरायची वेळ आली ती आमच्याच चुकीने, म्हणून ही हकिकत लिहीत आहोत. आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. चूक दोघांचीही आहे.

२०२३ च्या जून महिन्यात आईचे डोके जड व्हायला लागले म्हणून तिला पालिकेच्या दवाखान्यात नेले. दाब निघाला १६८/१०२. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याने पुन्हा बोलावले, पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १६६/१०० होता. मग त्यांनी अॅम्लोडिपिन नावाची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी एक अशी सुरू केली. आईचे वय तेव्हा ६४. आयुष्यभर पालिकेत झाडूकाम केलेली बाई, तापातसुद्धा कामाला गेलेली. तिला रोज गोळी खाणे म्हणजे कमीपणा वाटायचा. तरी तीन महिने तिने नेमाने घेतली. आम्ही दंडावर पट्टा बांधायचे मशीन विकत आणले आणि एका जुन्या वहीत आकडे लिहू लागलो. सप्टेंबरमध्ये वहीत आकडा आला १२६/७८.

आई म्हणाली, “झालं की आता बरोबर. मग रोज पोटात औषध कशाला घालायचं? सवय लागते म्हणतात.”

खरे सांगायचे तर आम्हालाही ते पटले. ताप उतरला की आपण तापाची गोळी बंद करतोच. सूनबाई म्हणाल्या, “दोन-चार दिवस बंद करून मोजून बघू, वाढला तर परत सुरू करू.” हा विचार आम्हाला फार शहाणपणाचा वाटला होता. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी दाब निघाला १२८/८०. चौथ्या दिवशी १३४/८४. झाले, आमची खात्री पटली. मशीन कपाटावर गेले आणि वही मुलाने चित्रे काढायला घेतली.

सोळाव्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून आई दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरनी सहज दाब बघितला, तर १७२/१०४! आईचे डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काही नव्हते. ती चालत गेली होती. आम्हाला धक्का बसला तो याचाच. जूनमध्ये डोके जड झाले म्हणून आम्ही समजत होतो की दाब वाढला की शरीर सांगेलच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बहुतेकांना शरीर काहीच सांगत नाही. जूनमधले डोके दाबामुळेच जड झाले होते, हेसुद्धा नक्की धरू नका.

मग आम्ही आमची वही पुढे केली. “मॅडम, चौथ्या दिवशी तर चांगला होता.” त्यांनी वही बघितली आणि हसल्या. म्हणाल्या, “चौथ्या दिवशी तुम्ही जे मोजलंत ते जुन्या गोळीचंच काम होतं.” ही गोळी अंगातून फार सावकाश जाते. निम्मे औषध जायलाच दीड-दोन दिवस लागतात, उरलेल्याचे निम्मे जायला आणखी तेवढेच. तीन महिने रोज घेतलेले औषध अंगात साठलेले असते. म्हणून बंद केल्यावर दाब एकदम उसळत नाही. आठवडा-दहा दिवसांत हळूहळू चढत जुन्या जागी येतो. दोन-चार दिवस बंद करून बघायची आमची युक्ती इथेच फसली. आम्ही बरोबर त्याच दिवसांत मोजले ज्या दिवसांत काही दिसणार नव्हते, आणि जेव्हा दिसले असते तेव्हा मशीन कपाटावर होते.

आई त्यांना म्हणाली, “पण आजार तर बरा झाला होता ना?” त्यावर त्या म्हणाल्या, “मावशी, पावसाळ्यात छपरावर ताडपत्री टाकली आणि घरात थेंब पडायचा थांबला, म्हणून कोणी ताडपत्री काढतं का? छप्पर तेच आहे.” गोळी काय करते, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले आवळलेले स्नायू सैल ठेवते. जोवर औषध अंगात आहे तोवर ते सैल राहतात. वयाने कडक झालेल्या वाहिन्या किंवा घराण्यातून आलेला कल गोळीने जात नाही. १२६ हा आकडा आई अधिक गोळी असा दोघांचा मिळून होता. आम्ही तो एकट्या आईचा समजलो.

काहींची गोळी कमी होते, नाही असे नाही. कोणाचे वजन बरेच उतरते, सुकट-पापड-लोणच्यातले मीठ सुटते, कोणाचा दाब फारच खाली येऊन उठल्यावर अंधारी येते. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात आणि पुढे कित्येक आठवडे मोजत राहतात. हे काम घरी बसून करायचे नाही. एरवी वाढलेला दाब मुकाट्याने आपले काम करत असतो. हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या खराब होतात आणि एखाद्या दिवशी मेंदूतली वाहिनी फुटते किंवा बंद होते. आईची थोरली बहीण, आमची मावशी, हिनेही गोळी सोडली होती. एका सकाळी भाकरी थापताना तिचा हात परातीतच राहिला. गोळी सोडल्यामुळेच झाले असे कोणी लिहून देणार नाही, पण दवाखान्यात नेले तेव्हा दाब २१० होता. आज ती डाव्या हाताने ताट धरू शकत नाही. हे आमच्याच घरातले उदाहरण असूनही आम्ही ती वही मुलाच्या हातात दिली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लघवी, रक्तातले क्रिएटिनिन आणि हृदयाचा आलेख तपासायला सांगितला. इंजेक्शन वगैरे काही दिले नाही. शेजारच्या एका काकूंनी जिभेखाली फोडायची कॅप्सूल सुचवली होती, पूर्वी ती सर्रास देत. त्याबद्दल विचारले तर त्यांनी हात जोडले. दाब असा झटक्यात पाडला तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडू शकते. मात्र दाब १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातले बळ जाणे, बोबडी वळणे यांपैकी काही असेल, तर घरी दुसरा आकडा मोजत बसायचे नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचे.

गोळी पुन्हा लिहून देताना त्यांनी आईला एक प्रश्न विचारला, जो आम्ही तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. “मावशी, गोळीचा काही त्रास होत होता का?” आई गप्प. मग हळूच लुगडे वर करून तिने घोटे दाखवले. म्हणाली, “संध्याकाळी पाय सुजायचे. चप्पल बसायची नाही. गोळी सोडल्यावर उतरले.” आकडा बरोबर आला हे निमित्त होते. गोळी सोडायचे खरे कारण पायात होते. आम्ही पुन्हा आग्रह धरू म्हणून ती बोलली नव्हती. या गोळीने काहींचे घोटे सुजतात, मात्रा जास्त असेल तर अधिक, आणि त्यावर उपाय आहे. अॅम्लोडिपिन २.५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. ही दुसरी गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते, ते केले. आठ दिवसांनी दाब १५०/९२ आणि महिन्याने १३०/८० झाला. पाय परत फारसे सुजले नाहीत.

एवढे झाल्यावर आई गोळीला घाबरून वागू लागली, आणि त्यातून दुसरी चूक झाली. डिसेंबरात गावी मंगलपरिणय होता. डब्यातल्या गोळ्या घरीच राहिल्या. रविवारचा दिवस तसाच गेला. सोमवारी सकाळी परत आल्यावर आईने कालच्या आणि आजच्या, अशा दोन्हींच्या दोन-दोन गोळ्या एकदम घेतल्या. दुपारी पाटावरून उठताना तिला घेरी आली, भिंत धरली म्हणून पडली नाही. तिला निजवून पायाखाली उशी दिली, दाब बघितला तर ९८/६०, आणि दवाखान्यात फोन केला. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले तर लगेच घेऊन या, नाहीतर आज एकटे उठू देऊ नका, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. या वयात घेरी येऊन खुब्याचे हाड मोडले तर सगळेच अवघड.

राहिलेल्या गोळीचे खरे तर सोपे होते. त्याच दिवशी आठवली, म्हणजे सकाळी आठची गोळी दुपारी चारला किंवा रात्री जेवताना आठवली, तरी तेव्हा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला नेहमीची. दुसऱ्या दिवशी सकाळीच आठवली, तर कालची गेली ती गेली, आजचीच घ्यायची. दोन एकदम कधीच नाही. लघवी वाढवणारी गोळी मात्र रात्री आठवली तर सोडून द्यावी, नाहीतर म्हातारे माणूस रात्रभर अंधारात मोरीकडे जात राहते. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीचे गणित वेगळे, ते आपल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

आईची गोळी अंगात टिकणारी, म्हणून एका दिवसाची चूक ती निभावून नेते. सगळ्यांच्या गोळ्या अशा नसतात. आमच्या मजल्यावरचे एक भाऊ मेटोप्रोलोल घेतात. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यांची छाती धडधडू लागली. ती गोळी हृदयाला आवरून धरते, एकदम सोडली तर हृदय दुप्पट जोराने धावू पाहते, आणि ज्याला हृदयाचा विकार आहे त्याला झटकासुद्धा येऊ शकतो. ती बंद करायची तर डॉक्टर आठवडा-दोन आठवडे उतरवत आणतात. क्लोनिडिनचे तर याहून अवघड, तिचे दोन-तीन डोस चुकले तरी दाब उसळतो. म्हणून आपल्या पाकिटावर कुठले नाव आहे हे घरातल्या एकाला तरी वाचता आले पाहिजे.

आता आईच्या पिशवीत चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या कायम असतात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वारांप्रमाणे सात कागदी पुड्या, रविवारी नातू भरतो. मशीन मिश्री लावल्यावर आणि चहानंतर अर्धा तास बांधायचे नाही, हे तीच आम्हाला सुनावते. वही नवीन आणली. गेल्या आठवड्यात मावशी राहायला आली होती, तेव्हा आईने तिच्या पुड्याही त्याच डब्यात ठेवल्या आणि वर पेन्सिलीने ‘अक्का’ असे लिहिले.