दोर सोडला, तरी दुखतंच

"पण याने दुखणं कमी होईल ना?" वर्षानुवर्षं पाठ दुखणारा माणूस मानसोपचाराच्या खोलीत आला की पहिला प्रश्न हाच असतो. 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी', म्हणजे 'ॲक्ट', याचं उत्तर सरळ देते: कदाचित थोडं होईल, पण आपण त्यासाठी बसलेलो नाही. दुखणं असतानाही जगणं पुन्हा सुरू व्हावं, यासाठी बसलोय.

हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण पचायला जड. मी सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझी स्वतःची मान पाच वर्षं दुखतेय. त्यामुळे थेरपिस्टसाठीच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये जोड्या लावल्या, तेव्हा पेशंटची भूमिका मी मागून घेतली. केस कल्पित होती. वय ४६, घरी ब्लाऊज शिवणारी बाई, सहा वर्षं कंबरदुखी. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची गरज नाही. झोप नाही, मन उदास, भजनी मंडळ सुटलेलं.

माझ्या थेरपिस्टने आधी यादी करायला लावली. दुखणं घालवायला काय काय केलं? गोळ्या, मालिश, पट्टा, पडून राहणं, लग्नकार्य टाळणं. मग प्रत्येकासमोर तीन गोष्टी: लगेच बरं वाटलं का, वर्षभराने काय झालं, आणि त्यासाठी काय गमावलं? पडून राहिल्यावर तासभर बरं वाटतं. पण मशीन बंद, बायकांचं येणं बंद आणि दिवसभर डोक्यात एकच विचार. दुखणं आणि उदासी इथे एकमेकींना पोसतात. यादीचा हेतू 'तुमचंच चुकलं' हे सांगण्याचा नसतो. उपाय मनापासून केले आणि तरी आयुष्य लहान होत गेलं, एवढंच दिसायला हवं.

मग तिने टॉवेल काढला. एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. ती म्हणजे दुखणं, मधे खोल खड्डा. "ओढा." मी जोर लावला, तिनेही लावला. अर्ध्या मिनिटाने तिने विचारलं, "आत्ता मशीनवर बसता येईल?" दोन्ही हात अडकलेले. रस्सीखेच जिंकता येत नाही, पण टोक सोडता येतं. मी सोडलं. ती तिथेच उभी राहिली. हात मात्र मोकळे झाले.

सगळं वर्कशॉप या क्षणावर अडलं. ट्रेनर म्हणाले, की पुढच्या आठवड्यात पेशंट म्हणतो, "दोर सोडला, तरी दुखतंच." हे ऐकलं की समजायचं, दोर परत हातात आलाय. सोडणं हीच दुखणं घालवायची नवी युक्ती झाली. अशा वेळी रूपक आणखी रंगवून सांगू नये. "मोकळ्या हातांनी या आठवड्यात काय केलंत?" एवढंच विचारावं.

मूल्यांचा व्यायाम यासाठीच असतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ टोबियास लुंडग्रेन यांचा 'बुल्स-आय' वापरतात. नेमबाजीच्या गोल पाटीचे चार भाग करायचे: काम, नाती, विरंगुळा आणि आरोग्य व स्वतःची वाढ. आपण आपल्या मूल्यांनुसार जितके जगतोय, तितकी खूण मध्याजवळ करायची. मी 'नाती'मध्ये कडेला ठिपका दिला आणि भूमिकेत असूनही मनात आलं, बघ, नापास. उदासी असलेल्या माणसाकडून हा कागद घाईने भरून घेतला, तर तो प्रगतिपुस्तक होतो. माझी थेरपिस्ट थांबली. म्हणाली, "ठिपका इतका लांब आहे, यातलं काय लागतंय?" उत्तर आलं, "मंडळातल्या बायका आता बोलवतही नाहीत." जिथे लागतं तिथेच मूल्य असतं. इथे ते होतं, चारचौघींत मिसळून राहणं.

मग पाऊल ठरवायचं. 'चिडचिड करणार नाही', 'रडणार नाही' ही पावलं बाद, कारण ती मेलेला माणूस आपल्यापेक्षा चांगली पार पाडेल. ठरलं ते असं: गुरुवारी मंडळात जायचं, खुर्ची मागायची, पंधरा मिनिटं बसायचं आणि मग उठायचं. दुखत असलं तरी पंधरा, छान वाटत असलं तरी पंधराच. चांगल्या दिवशी दोन तास बसून पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, ते चक्र यानेच तुटतं.

मर्यादाही आहेत. पाय अचानक लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं असेल, तर आधी डॉक्टर. जीव द्यावासा वाटत असेल, तर रूपकं बाजूला ठेवून आधी सुरक्षितता. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी 'ॲक्ट'चा विचार करावा असं म्हटलंय, आणि व्यायामासारखे इतर उपायही सुचवलेत.

माझी मान अजून दुखते. हल्ली मी तिला दहापैकी किती, असं रोज विचारत नाही. रविवारी भाचीला पोहायला न्यायचं असतं. मी काठावर बसते, वीस मिनिटं.